एटीएममधून नोटा आल्या नाहीत, खात्यातून पैसे गेले : रोजचे १०० रुपये कसे मोजायचे आणि कसे मागायचे

शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५. आमच्या शेजारचा मुलगा नाशिकमधल्या अंबडच्या कारखान्यातून सुटून संध्याकाळी सातच्या सुमारास सिडकोतल्या त्रिमूर्ती चौकाजवळच्या एका एटीएमवर गेला. खोलीच्या डिपॉझिटसाठी १०,००० रुपये काढायचे होते. कार्ड त्याच्या बँकेचं, मशीन दुसऱ्या बँकेचं. आत नोटा मोजल्याचा खडखडाट झाला, पण नोटांचं दार उघडलं नाही. थोड्या वेळाने पडद्यावर व्यवहार पूर्ण झाला नसल्याचं आलं. पावती निघाली नाही. मोबाईलवर मेसेज मात्र आला : खात्यातून १०,००० रुपये वजा.

तीन आठवड्यांनी तो माझ्याकडे आला, तेव्हा हातात बँकेचं उत्तर होतं : व्यवहार यशस्वी, तक्रार बंद. मी नोकरीची शेवटची काही वर्षं एटीएमच्या हिशेबाच्या टेबलावर काढली आहेत. असे कागद रोज हाताखालून जायचे. त्यामुळे त्याला जे समजावलं तेच इथे सविस्तर लिहितो. पैसे परत मागायचे हे बहुतेकांना कळतं. उशिराच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये आपले असतात आणि ते कुठल्या तारखेपासून मोजायचे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

आधी पैसे वजा का होतात

आपण पिन टाकून रक्कम दाबली की मशीन लगेच नोटा मोजायला घेत नाही. आपली मागणी आधी ज्या बँकेचं मशीन आहे तिच्याकडे जाते. तिथून ती नॅशनल फायनान्शियल स्विच नावाच्या जाळ्यातून आपल्या बँकेकडे पोहोचते. देशातल्या बँकांची एटीएम एकमेकांना जोडणारं हे जाळं एनपीसीआय चालवते. आपली बँक शिल्लक बघते, रक्कम वजा करते आणि 'देऊन टाका' असा निरोप परत पाठवते. हा निरोप मिळाल्यावरच मशीन आतल्या कॅसेटमधून नोटा उचलतं, मोजतं आणि पुढे सरकवतं. म्हणजे खातं आधी हलतं, नोटा नंतर.

नोटा अडकल्या किंवा एखादी नोट दुमडलेली निघाली, तर मशीन त्या आतल्या नाकारलेल्या नोटांच्या पेटीत टाकतं आणि 'पैसे दिले नाहीत, रक्कम परत जमा करा' असा उलटा निरोप पाठवतं. हा निरोप पोहोचला तर काही मिनिटांत पैसे खात्यात परत दिसतात. पुष्कळदा असंच होतं आणि आपण तो प्रसंग विसरूनही जातो. नेमकी त्याच क्षणी लाईन तुटली किंवा मशीन बंद पडून पुन्हा सुरू झालं, तर उलटा निरोप निघतच नाही. आपल्या बँकेच्या लेखी मग व्यवहार यशस्वीच राहतो.

अशा वेळी सत्य तीन ठिकाणी नोंदलेलं असतं. एक, दोन्ही बँकांच्या संगणकांमधली व्यवहाराची नोंद. दोन, मशीनची स्वतःची रोजनिशी, जिला बँकेत सगळे ईजे लॉग म्हणतात. कार्ड आत गेलं, पिन बरोबर आला, अमुक कॅसेटमधून इतक्या नोटा उचलल्या, नोटा दारापाशी आणल्या, ग्राहकाने घेतल्या, असं एकेक पाऊल तिथे सेकंदासकट लिहिलेलं असतं. तीन, प्रत्यक्ष रोकड. कॅश भरणाऱ्या एजन्सीची माणसं मशीन उघडून उरलेल्या आणि नाकारलेल्या नोटा मोजतात. हिशेबापेक्षा १०,००० रुपये जास्त निघाले, तर ते कुणाचे हे शोधायला फार डोकं लागत नाही. पण मशीन रोज उघडलं जातंच असं नाही. शिवाय दोन बँकांनी आपापल्या नोंदी जुळवायच्या असतात. म्हणून नियमात काही दिवस दिलेले आहेत.

नियम काय म्हणतो

रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक यासाठी लक्षात ठेवायचं. ते १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झालं. खात्यातून रक्कम गेली आणि एटीएममधून नोटा मिळाल्या नाहीत, तर बँकेने जास्तीत जास्त 'टी अधिक ५' दिवसांत रक्कम परत जमा करायची. टी म्हणजे व्यवहाराचा दिवस. त्यानंतर उशीर झालेल्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई खातेदाराच्या खात्यात जमा करायची.

यात दोन गोष्टी अशा आहेत की त्यांवरून काउंटरवर हमखास वाद होतो. पहिली, हे दिवस कॅलेंडरचे आहेत. शनिवार, रविवार, सण, सगळे धरून. दुसरी, भरपाई बँकेने आपणहून द्यायची आहे, ग्राहकाच्या तक्रारीची किंवा मागणीची वाट न बघता. म्हणून दिवस मोजायला सुरुवात तक्रारीपासून होत नाही, व्यवहारापासून होते.

वाद होण्याला कारण आहे. २०११ चा जुना नियम वेगळा होता. त्यात तक्रार मिळाल्यापासून कामकाजाचे ७ दिवस मोजायचे आणि भरपाई हवी तर व्यवहारापासून ३० दिवसांत तक्रार केलेली असली पाहिजे, अशी अट होती. तो नियम वर्षानुवर्षं वापरून अनेकांच्या अंगवळणी पडला आणि काही ठिकाणी अजून तसंच सांगितलं जातं. समोरचा माणूस मुद्दाम फसवतोय असं लगेच धरून चालू नका, पण त्याची मोजणी मान्यही करू नका.

आता या मुलाच्या तारखा मांडून बघू. व्यवहार ७ फेब्रुवारीचा. दुसऱ्या दिवशी महिन्याचा दुसरा शनिवार, मग रविवार, म्हणून शाखा बंद. सोमवारी १० तारखेला त्याने शाखेत तक्रार नोंदवली. टी अधिक ५ म्हणजे १२ फेब्रुवारी. त्या दिवसापर्यंत १०,००० रुपये परत आले असते, तर भरपाई शून्य. आले नाहीत, म्हणून १३ फेब्रुवारी हा उशिराचा पहिला दिवस.

पुढे त्याचे पैसे १८ मार्चला जमा झाले. १३ ते २८ फेब्रुवारी म्हणजे १६ दिवस, १ ते १८ मार्च म्हणजे १८ दिवस. एकूण ३४ दिवस, भरपाई ३,४०० रुपये. पडताळा घ्यायचा तर सोपा आहे : ७ फेब्रुवारीपासून १८ मार्च हा ३९ वा दिवस, त्यातून ५ वजा केले की ३४.

रकमेचा या आकड्याशी संबंध नाही. ५०० रुपये अडकले असोत वा २०,०००, दिवसाला १०० च. मशीनने १०,००० पैकी ६,००० च दिले आणि खात्यातून पूर्ण १०,००० गेले, तर न मिळालेल्या ४,००० साठीही असंच मागायचं.

'व्यवहार यशस्वी' हे उत्तर आलं तर

२४ फेब्रुवारीला त्याला मेसेज आला की मशीनवाल्या बँकेच्या नोंदीनुसार व्यवहार यशस्वी आहे. इथे बहुतेक माणसं थांबतात. थांबू नका, कारण या उत्तरामागे नेमकं काय तपासलं गेलं ते तुम्हाला अजून माहीत नाही.

कधी फक्त संगणकातली नोंद बघून उत्तर दिलेलं असतं, आणि त्या नोंदीत तर व्यवहार यशस्वी दिसणारच, कारण उलटा निरोप निघालाच नव्हता. कधी मशीनची रोजनिशी बघितलेली असते, पण वरवर. 'नोटा उचलल्या' आणि 'नोटा ग्राहकाने घेतल्या' या दोन वेगळ्या ओळी आहेत. पहिली असून दुसरी नसेल, तर नोटा मशीनच्या आतच राहिल्या आहेत. आणि कधी रोकड मोजलेली असते, पण जास्तीची रक्कम दुसऱ्या कमतरतेत मुरून जाते. समजा त्याच भरण्यात एका ठिकाणी १०,००० जास्त निघाले आणि दुसऱ्या कारणाने १०,००० कमी पडले, तर एकूण हिशेब जुळतो आणि कागदावर 'जास्तीची रोकड नाही' असं येतं. माझ्या टेबलावर अशी प्रकरणं यायची. प्रत्येक कॅसेटचा आणि नाकारलेल्या नोटांच्या पेटीचा आकडा वेगळा मागवला की गाठ सुटायची.

म्हणून दुसऱ्या अर्जात या गोष्टी नावानिशी मागायच्या : त्या व्यवहाराचा ईजे लॉग, त्यानंतर मशीन पहिल्यांदा मोजलं तेव्हाचा कॅसेटनिहाय रोकड हिशेब आणि त्या वेळेचं कॅमेऱ्याचं चित्रीकरण. चित्रीकरण कायम राहत नाही, काही काळाने त्यावर नवं चढतं. म्हणून ते जपून ठेवण्याची विनंती पहिल्याच तक्रारीत लिहिलेली बरी. हे सगळे पुरावे बँकांच्या ताब्यात असतात, ग्राहकाकडे नाही. नोटा मिळाल्या नाहीत हे ग्राहक कशाने सिद्ध करणार? म्हणूनच लेखी मागणीला वजन आहे. मागूनही बँकेने ते कागद दाखवले नाहीत, तर पुढे ही गोष्ट तिच्या विरोधात दिसते.

एक प्रकार मात्र वेगळा आहे आणि तो ओळखता आला पाहिजे. भामटे नोटांच्या दारावर हुबेहूब दिसणारी पट्टी चिकटवतात. नोटा बाहेर येतात, पण पट्टीमागे अडकतात. आपण निघून गेलो की ते पट्टी काढून नोटा घेऊन जातात. अशा वेळी रोजनिशीत नोटा दिल्याचंच दिसतं आणि रोकडही जुळते. मग ही मशीनची चूक राहत नाही, चोरी होते. रोजच्या १०० रुपयांचा मार्ग इथे सहसा चालत नाही, पोलिसांत तक्रार द्यावी लागते. यासाठी नोटा आल्या नाहीत की मशीनपासून लगेच हलू नका. दारावर हात फिरवून पट्टी सैल लागते का बघा, मोबाईलवर मशीनचा फोटो घ्या, दोन-चार मिनिटं थांबा. त्या फोटोत मशीनचा क्रमांकही येऊ द्या. तो बहुधा मशीनवर किंवा खोलीच्या भिंतीवर लिहिलेला असतो.

अर्ज कुणाकडे आणि काय लिहायचं

मशीन कुणाचंही असो, तक्रार आपल्या कार्डाच्या बँकेकडे करायची. 'मशीन आमचं नाही, तिकडे जा' असं कुणी म्हणालं तरी तिकडे जायची गरज नाही. दोन बँका आपसात जी भांडणं करायची ती करतील. आपलं खातं जिथे आहे, त्या बँकेने आपल्याला उत्तर द्यायचं आहे. फोनवर किंवा ॲपवर तक्रार केली तर तिचा क्रमांक जपून ठेवा. शाखेत अर्ज दिला तर दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या. पोच नसलेला अर्ज पुढे उपयोगाला येत नाही.

या मुलाने २७ फेब्रुवारीला दिलेला अर्ज साधारण असा होता :

"दि. ७ फेब्रुवारी २०२५ रोजी सायंकाळी सातच्या सुमारास सिडको, नाशिक येथील एटीएमवर (मशीन क्रमांक दिला आहे) माझ्या कार्डाने १०,००० रुपये काढण्याचा प्रयत्न केला. नोटा मिळाल्या नाहीत. खात्यातून रक्कम वजा झाली. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक खाली दिला आहे. माझी तक्रार 'व्यवहार यशस्वी' असे कळवून बंद केली आहे, ती मला मान्य नाही. कृपया ईजे लॉग, कॅसेटनिहाय रोकड हिशेब व चित्रीकरण तपासून त्यांच्या प्रती द्याव्यात. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार १०,००० रुपये आणि १३ फेब्रुवारीपासून रक्कम जमा होईपर्यंत दररोज १०० रुपये भरपाई माझ्या खात्यात जमा करावी."

संदर्भ क्रमांक १२ अंकी असतो. पावती असली तर तिच्यावर सापडतो. पावती नसेल तर खात्याच्या उताऱ्यात त्या व्यवहारासमोर बघा किंवा शाखेतून मागून घ्या. शेवटचं वाक्य मात्र गाळू नका. भरपाई आपणहून द्यायची असली तरी प्रत्यक्षात ती बऱ्याचदा मागावी लागते, आणि पैसे परत आले की माणूस हुश्श करून तो विषय सोडून देतो.

आणखी एक जपायचं. अडकलेले पैसे परत मिळवून देतो म्हणत फोन येतात. इंटरनेटवर शोधून मिळालेला 'हेल्पलाईन' नंबरही भामट्यांचा निघतो. रक्कम परत जमा करण्यासाठी बँकेला तुमचा पिन, ओटीपी किंवा तुमच्या मोबाईलवर एखादं ॲप लागत नाही. नंबर कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचाच वापरा. फसगत झालीच तर १९३० वर ताबडतोब कळवा.

मूळ रक्कम आली, भरपाई नाही

१८ मार्चला १०,००० रुपये जमा झाले. अर्ज वर गेल्यावर मशीनवाल्या बँकेने रोजनिशी पुन्हा काढली, तेव्हा नोटा उचलल्याची ओळ होती, घेतल्याची नव्हती. जास्तीची रोकडही सापडली. भरपाईचा मात्र एक रुपया आला नाही. २० मार्चला त्याने फक्त भरपाईसाठी वेगळा अर्ज दिला. २ एप्रिलला खात्यात २,८०० रुपये आले.

आम्ही दोघांनी बसून हे २,८०० कुठून आले ते शोधलं. शाखेने जुन्या पद्धतीने मोजलं होतं. १० फेब्रुवारीला तक्रार, त्यानंतर कामकाजाचे ७ दिवस म्हणजे १८ फेब्रुवारी, आणि १९ फेब्रुवारी ते १८ मार्च असे २८ दिवस. ६ दिवसांचा फरक, ६०० रुपये. तो म्हणाला, "काका, जाऊ द्या ना, एवढे तरी मिळाले." मी नाही म्हणालो. ६०० रुपये म्हणजे त्याची जवळपास एका दिवसाची मजुरी आहे. शिवाय शाखेला चुकीची मोजणी कुणी दाखवूनच दिली नाही, तर पुढच्या माणसालाही तशीच मोजून मिळेल.

४ एप्रिलला बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला ईमेल केला. प्रत्येक बँकेचा असा तक्रार अधिकारी असतो आणि त्याचा पत्ता बँकेच्या संकेतस्थळावर असतो. ईमेलमध्ये वाद घातला नाही. व्यवहाराची तारीख, टी अधिक ५ ची तारीख, जमा झाल्याची तारीख, दिवस, आलेली रक्कम, बाकी रक्कम, एवढंच लिहिलं.

तिथेही काम झालं नसतं, तर पुढचा दरवाजा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचा होता. आधी आपल्या बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. तिला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही, मुंबईला जावं लागत नाही. नाशिकमध्ये घरी बसून मोबाईलवरून होतं. काही अडलं तर १४४४८ हा टोल फ्री नंबर आहे. बँकेकडे न जाता थेट लोकपालाकडे गेलं, तर तक्रार तिथेच नाकारली जाते. पोच जपून ठेवा म्हणतो ते यासाठी. हेच प्रकरण आधीपासून ग्राहक आयोगात चालू असेल, तरीही लोकपाल ते घेत नाही. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं तर दोन वर्षांची मुदत असते. पण एटीएमच्या साध्या प्रकरणासाठी मी आधी लोकपालाचा मार्ग सांगतो, कारण तिथे सुनावणीसाठी रजा काढून जायची वेळ सहसा येत नाही.

लोकपालासाठीचे कागद आम्ही एका फाईलमध्ये लावून ठेवले होते : वजा झाल्याचा मेसेज, मशीनचा फोटो, दोन्ही अर्जांच्या पोच, 'यशस्वी' म्हणणारं उत्तर आणि खात्याचा उतारा. ती फाईल उघडावी लागली नाही. २१ एप्रिलला उरलेले ६०० रुपये जमा झाले. संध्याकाळी कामावरून येताना तो पासबुक भरून घेऊन आला आणि तीन ओळींवर बोट ठेवून दाखवल्या : १०,०००, २,८००, ६००.